रस्सा कोल्हापुरी, वाटण झटपट!

रविवारी मटणाचा बेत ठरला की आधी डोळ्यासमोर येतं ते वाटण. भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस, आलं-लसूण, कोथिंबीर... आणि सगळं अगदी गंधासारखं बारीक हवं, नाहीतर रस्सा मिळून येत नाही.

आमचा ७५० वॉटचा मिक्सर त्यासाठीच आहे. जाड स्टीलचं भांडं, दणकट पाती. मोटरवर ताण आला तर आपोआप बंद होतो; थोडं थांबून खालचं बटण दाबा, पुन्हा सुरू. पांढऱ्या रश्श्याला नारळाचं दूधही यातच काढा.

वर्षाची कांदा-लसूण चटणी मात्र डंकावरच कुटून आणा, वहिनी. ती चव तिथलीच! रोजचं वाटण आमच्यावर सोडा.

महाद्वार रोडवरच्या दुकानात घरचं खोबरं घेऊन या. समोर वाटून बघा, मगच घ्या.