ओरेम, रॉय आणि वॉटसन: एका रुग्णाच्या आधारे तीन सिद्धांतांची तुलना

एम.एस्सी. नर्सिंग, प्रथम वर्ष. विषय: नर्सिंग थिअरी

तुलनेसाठी पुरुष सर्जिकल वॉर्डमधला एक रुग्ण घेतला आहे. वय ५२, ऊस उत्पादक शेतकरी, बरीच वर्षे मधुमेह. पायाच्या जखमेत गँगरीन झाल्यामुळे उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. शस्त्रक्रियेचा सहावा दिवस, ताप नाही, जखम कोरडी. मात्र इन्सुलिनची सिरिंज ते हातात धरत नाहीत, "तिला शिकवा" म्हणून पत्नीकडे बोट दाखवतात. ड्रेसिंगची ट्रॉली आली की चादर ओढून भिंतीकडे तोंड करतात. या दोन गोष्टींकडे तिन्ही सिद्धांत कसे पाहतात, हेच इथे तपासले आहे.

डोरोथिया ओरेम यांची मांडणी १९७१ साली पुस्तकरूपाने आली. माणसाला स्वतःची जितकी काळजी घ्यावी लागते आणि जितकी तो घेऊ शकतो, यांत तूट पडली की नर्सचे काम सुरू होते. हवा, पाणी, अन्न, विश्रांती या सार्वत्रिक गरजा, वाढीच्या टप्प्यांनुसार येणाऱ्या गरजा आणि आजारामुळे निर्माण झालेल्या गरजा, असे तीन गट त्या करतात. आमच्या रुग्णाची तूट मुख्यतः तिसऱ्या गटातली: इन्सुलिन, स्टंपची निगा, उरलेल्या पायाची रोजची तपासणी. शस्त्रक्रियेच्या दिवशी त्यांचे सगळे आम्हीच करत होतो, म्हणजे पूर्ण भरपाईची पद्धत. आता अंशतः भरपाई चालू आहे: तोंड धुणे, जेवण ते स्वतः करतात, बँडेज आम्ही बांधतो. डिस्चार्जपर्यंत आधार आणि शिक्षण एवढेच उरायला हवे. केअर प्लॅन लिहायला इतका सोयीचा सिद्धांत दुसरा नाही. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ४० युनिटचे इन्सुलिन कसे भरायचे, जागा कशा बदलायच्या, स्टंपखाली सतत उशी ठेवली तर सांधा का आखडतो, हे सगळे त्यात चपखल बसते.

ओरेम फक्त एकट्या व्यक्तीचा विचार करतात, अशी टीका वर्गात नेहमी होते. ती पुरती खरी नाही, कारण दुसऱ्यावर अवलंबून असलेल्याची काळजी घेणारी व्यक्तीही त्यांच्या मांडणीत आहे. आपल्याकडे खाटेशेजारी नातेवाईक असतोच, तेव्हा हा भाग जास्त वाचला पाहिजे. अडचण वेगळीच आहे. हे गृहस्थ इन्सुलिन घ्यायला अक्षम नाहीत. हात शाबूत, नजर चांगली, ट्रॅक्टर चालवणारा माणूस. पत्नी शिकली की ओरेमच्या हिशेबात तूट भरते, प्रश्न मात्र तसाच राहतो.

इथे सिस्टर कॅलिस्टा रॉय उपयोगी पडतात. त्यांचे मॉडेल १९७० साली प्रसिद्ध झाले. बालरुग्णांमध्ये काम करताना मुले मोठ्या बदलांशी किती सहज जुळवून घेतात, हे त्यांनी पाहिले होते. माणूस ही अनुकूलन करणारी व्यवस्था, आणि तिचे वर्तन चार प्रकारांत दिसते: शारीरिक, स्व-प्रतिमा, भूमिका, परस्परावलंबन. रुग्णाची पहिली बाजू सुधारते आहे, बाकी तिन्ही डळमळीत आहेत. चादर ओढणे म्हणजे स्व-प्रतिमेला बसलेला धक्का. 'यंदा तोडणीला कोण उभं राहणार?' हा त्यांचा रोजचा प्रश्न भूमिकेचा. पत्नीकडे बोट दाखवण्यात दोन्ही मिसळले आहे. रॉय पुढे उद्दीपक शोधायला लावतात. प्रत्यक्ष उद्दीपक पाय जाणे, संदर्भातले तोंडावर आलेला हंगाम आणि भेटायला येणाऱ्यांची हळहळ, आणि अवशिष्ट उद्दीपक 'इन्सुलिन लागले म्हणजे माणूस संपला' ही जुनी समजूत असावी. हा शेवटचा माझा अंदाज आहे, आणि रॉयही अवशिष्ट उद्दीपक पडताळल्याशिवाय धरत नाहीत. त्रास एकच: वर्तन आणि उद्दीपक यांचे दुहेरी मूल्यमापन वेळखाऊ आहे. एका नर्सकडे अख्खा वॉर्ड असताना ते रोज होणार नाही.

जीन वॉटसन यांच्या १९७९च्या मांडणीत दहा 'कॅरेटिव्ह' घटक आहेत; पुढे त्यांनी त्यांना 'कॅरिटास प्रक्रिया' असे रूप दिले. ओरेम तूट विचारतात, रॉय प्रतिसाद विचारतात. वॉटसन विचारतात, ट्रॉली घेऊन गेलेली नर्स त्या क्षणी तिथे खरोखर होती का? ड्रेसिंगआधी पडदा ओढणे, 'आज पाहायचं की उद्या?' हे त्यांना ठरवू देणे, ते रडले तर घाईने धीर न देणे, हे त्यांचे नर्सिंग. भाषा फार तरल आहे, मोजमाप अवघड आहे आणि केअर प्लॅनच्या मूल्यमापनाच्या रकान्यात काय लिहावे तेच कळत नाही. तरी स्टंपकडे पाहण्याची तयारी याच वाटेने होईल असे मला वाटते, आणि स्टंप पाहिल्याशिवाय त्याची निगा शिकवता येणार नाही.

म्हणून या रुग्णासाठी आराखडा ओरेमचा धरावा, पण निदान रॉयच्या पद्धतीने करावे. 'ज्ञानाचा अभाव' असे निदान लिहिले असते तर ते चुकीचे ठरले असते. 'शरीर-प्रतिमेतील बदलामुळे स्व-काळजीस नकार' हे अधिक अचूक आहे. उद्दिष्टेही त्याच क्रमाने: आधी ड्रेसिंगच्या वेळी स्टंपकडे पाहणे, मग बँडेजचे टोक धरणे, नंतर सिरिंज. पत्नीला इन्सुलिन शिकवायचेच, पण पर्याय म्हणून. रोजचा डोस त्यांनी स्वतः घ्यावा.