आबांचा कप कुठला?

सई आठ वर्षांची आहे, म्हणून तिला स्वयंपाकघरातली दोनच कामं मिळतात, पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि सकाळच्या चहात साखर घालून ढवळायचं, आणि त्यातलं दुसरं काम ती कुणालाही देत नाही कारण त्यात साखरेचा डबा हातात येतो.

त्या दिवशी आज्जीनं आलं घालून कोरा चहा केला, काचेच्या दोन कपांत ओतला आणि देवपूजेला गेली. एक कप आईचा, त्यात एक चमचा साखर. दुसरा आबांचा, त्यात साखर अजिबात नाही, कारण आबांना डायबेटिस आहे. (आबांनी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात तीस-पस्तीस वर्षं साखर बनवली आणि आता त्यांनाच साखर बंद, याचं हसू घरात सगळ्यांना येतं, आबा सोडून.)

सईनं एका कपात चमचाभर साखर टाकली. दाणे भरभर खाली गेले, तळाशी पांढरा ढीग झाला, मग तिनं ढवळायला सुरुवात केली आणि ढीग बारीक होत होत दिसेनासा झाला. इतक्यात चार वर्षांचा चिनू आला, दोन्ही कप ट्रेमध्ये ठेवले, झुकझुक करत ट्रे टेबलावरून गोल फिरवला आणि पळाला.

आता कुठला कप कुणाचा?

सईनं वरून बघितलं, बाजूनं बघितलं, उजेडात धरून बघितलं. दोन्ही अगदी सेम. मग तिनं विचार केला आणि कप घेऊन सरळ आबांकडे गेली.

"आबा, यातला कुठलाही घ्या. साखर गायब झालीय, म्हणजे दोन्ही चहा सारखेच झाले."

आबांनी पेपर खाली ठेवला. "गायब? आगं मग आम्ही दुकानदाराला पैसे कशाचे देतो? साखर हाय त्यातच. कुठल्या कपात हाय ते तू शोधायचं. पण अट एकच, चाखायचं नाही."

आतून आई ओरडली, "चाखून बघा की, मला ऑफिसला उशीर होतोय!" पण तोपर्यंत सई गाळणी घेऊन आली होती.

तिनं पहिला चहा गाळला. गाळणीत आल्याचे दोन धागे आणि चहा पावडरीचे काळे कण. दुसरा गाळला. तेच. साखरेचा एक दाणा अडकला नाही.

"बघितलंत? नाहीये साखर."

"पावडरीचे कण मोठे, ते अडकले," आबा म्हणाले. "साखरेचे नाही अडकले, म्हणजे ते किती बारीक झाले असतील सांग?"

"गाळणीच्या भोकापेक्षा बारीक?"

"लईच बारीक. भिंगातनं सुद्धा दिसायचे नाहीत. हे बघ, शाळेत प्रार्थनेला तुम्ही पोरं एकमेकांना चिकटून रांगा करता का नाही? लांबून बघितलं तर एकच पांढरा चौकोन दिसतो. साखरेचा दाणा तसाच, आत कोट्यवधी कण नीट रांगेत एकमेकांना धरून बसलेले असतात. पाण्याचेही असेच बारीक कण असतात पण ते एका जागी बसत नाहीत, सारखे पळत असतात. ते येऊन दाण्याला धडकतात आणि कडेच्या एकेका कणाला ओढून आपल्यात नेतात, मग त्याच्या आतला, मग त्याच्या आतला. प्रार्थना संपली, पोरं पांगली. चौकोन दिसत नाही, पण पोरं ग्राउंडवरच असतात की. यालाच साखर विरघळली म्हणायचं."

सईला पटलं, पण पूर्ण नाही. "चहा गरम होता म्हणून वितळली असेल, तुपासारखी."

"मग माठातलं पाणी घे."

तिनं माठातल्या गार पाण्यात साखर टाकून ढवळलं. वेळ लागला, हात दुखला, पण तिथंही दाणे दिसेनासे झाले. तुपाला नुसती ऊब पुरते, पाणी लागत नाही, साखरेला मात्र पाणीच लागतं, चहा उकळता असो नाहीतर गार. गरम असला की त्यातले कण जोरात पळतात, म्हणून काम लवकर उरकतं आणि साखर मावतेही जास्त. शंभर ग्रॅम गार पाण्यात जवळजवळ २०० ग्रॅम साखर विरघळते, आणि उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहून जास्त! त्याच्यावर घातलीत तर ती तळाशी बसून राहते, कितीही ढवळा. (मुलांनो, हे करून बघायचं असेल तर आधी घरात विचारा, एवढी साखर कोण देणार.)

"पण मग कप कसा ओळखायचा?" सई रडकुंडीला आली.

"कारखान्यात आम्ही काय करायचो सांगू? उसाच्या रसात साखर असतेच, पण तू रस प्यालीस तेव्हा दाणे दिसले का? नाही, कारण ती आधीच विरघळलेली असते. मग रस चुना घालून साफ करायचा, तापवायचा, पाणी उडवून लावायचं. पाणी कमी झालं की कणांना पांगायला जागा पुरत नाही, ते परत एकमेकांना धरायला लागतात आणि दाणा तयार होतो. मी पॅनमन होतो, दाणा केवढा झाला ते बघणं माझं काम. आमच्याकडं १०० किलो उसातनं ११-१२ किलो साखर निघायची."

सई मध्येच उठली. "म्हणजे पाणी उडवायचं!"

तिनं स्टीलच्या दोन ताटल्या घेतल्या, एकीत डाव्या कपातले चार थेंब, दुसरीत उजव्या कपातले चार थेंब, आणि ताटल्या गॅलरीतल्या उन्हात ठेवल्या. एप्रिलचं ऊन होतं, थेंब बघता बघता सुकले. डाव्या ताटलीवर नुसता तपकिरी डाग राहिला. उजव्या ताटलीवरही डाग होता, पण बोट लावलं तर चिकट! आणि तेवढ्यात कुंडीच्या मागून एक मुंगी आली, मग तिच्या मागे अजून पाच-सहा आल्या, आणि डाव्या ताटलीकडे ढुंकूनही न बघता सगळ्या उजवीकडे गेल्या.

"आबा! उजवा कप आईचा, डावा तुमचा! मुंग्यांनी चाखलं, मी नाही!"

आबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. सई उड्या मारत टेबलाकडे गेली. तिथं चिनू खुर्चीवर उभा होता, साखरेचा डबा उघडा, आणि डाव्या कपात चमचा खणखणत होता.

"आबांना कधीच साखर मिळत नाही," चिनू म्हणाला. "मी घातली."

"किती?"

"खूप."

आबांनी कपात डोकावून बघितलं. दाणे नव्हते, चहा मघासारखाच दिसत होता. "घ्या. आता सई, तू एवढी हुशार झालीस, तर काढ बघू यातली साखर बाहेर."

सई म्हणाली, "काढता येईल आबा, पण त्याला तुमचा कारखाना लागेल," आणि नवीन चहासाठी पातेलं घासायला घेतलं.