मनू, फोन नको उचलूस, पण हे वाच

मनू बाळा, काल दुपारपासून तीनदा फोन केला तुला, तू उचलला नाहीस, ठीक आहे. रागावले वगैरे अजिबात नाही. मलाही त्या वेळेला कुणी फोन केला असता तर मीही उचलला नसता. म्हणून हे लिहितेय, लिहितेय म्हणजे बोलतेय, फोनच टाईप करतोय, पलीकडच्या पोराने ते माईकचं बटण दाखवून दिलंय, त्यामुळे मध्येच काहीतरी भलतंच छापलं तर समजून घे. मघाशी मी चीक म्हणाले तर त्याने ठीक लिहिलं.

तर आधी हे सांगते की आम्हाला निकाल कसा कळला. तुझ्या बाबाने नाही सांगितला. दुपारी एक वाजता निकाल लागणार हे टीव्हीवर आलेलं, आबा सव्वाबारापासूनच चष्मा पुसून बसलेले. तुझा सीट नंबर त्यांनी फेब्रुवारीतच तुझ्या हॉलतिकिटाच्या फोटोवरून कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेला, तुला माहितीये ते कसे आहेत. नंबर बरोबर टाकला, पण खाली आईचं नाव मागतात ना, ते इंग्रजीत घालायचं, तर तीनदा चुकलं, एकदा डबल ए टाकला, एकदा शेवटचा ए राहिला. मला म्हणाले, सतरा-अठरा वर्षं झाली सूनबाईंना या घरात येऊन आणि मला त्यांच्या नावाचं स्पेलिंग येत नाही. चौथ्यांदा उघडलं. मग त्यांनी बघितलं, मोबाईल माझ्याकडे दिला आणि उठून परसात जाऊन कढीपत्त्याला पाणी घालत बसले. त्या झाडाला सकाळीच पाणी घातलं होतं.

हे तुला वाईट वाटावं म्हणून नाही सांगत. आबांना वाईट वाटलं ते मार्कांचं नाही, तू आत्ता खोलीत एकटी बसली असशील याचं वाटलं. रात्री जेवताना एवढंच म्हणाले की पोरगी जेवली असेल का.

मॅथ्स राहिला आणि फिजिक्स काठावर, एवढं मी बघितलं. बाकीचे आकडे मी बघितले नाहीत आणि विचारणारही नाही, आणि इथे गल्लीत कुणी विचारलं तर मी सांगणार नाही. काल संध्याकाळी दोघीजणी आल्याच होत्या कुरडयांचे भिजवलेले गहू बघायच्या निमित्ताने, लागला का गं निकाल पुण्याच्या नातीचा. मी म्हटलं लागला, आणि सोऱ्या घासायला हातात देऊन कामाला लावल्या.

आता खरं बोलायचं ते बोलते. दिवाळीत तू इथे आलीस तेव्हा आपण दोघी पाडव्याच्या आदल्या रात्री गच्चीवर बसलो होतो, आठवतंय? तू मला म्हणालीस, आजी मला इंटिग्रेशन कळतच नाहीये, क्लासमध्ये शंभर मुलं आहेत, विचारलं की मागची हसतात, आणि सर म्हणतात हे तुम्हाला यायला पाहिजे. आणि मी काय म्हटलं माहितीये? मी म्हटलं होईल गं, हुशार आहेस तू, आणि तुला चकली दिली. त्या रात्रीचं मला कालपासून आठवतंय. तू मला सांगायला आली होतीस आणि मी तुला चकली देऊन गप्प केलं. त्यानंतर नोव्हेंबरात तुला डेंग्यू झाला, तीन आठवडे गेले, मग घर बदललं, पहाटे साडेपाचला उठून क्लास, आणि फोनवर मी दर रविवारी विचारायचे अभ्यास कसा चाललाय आणि तू म्हणायचीस चाललाय. मला तेव्हा ओळखू यायला पाहिजे होतं गं, तुझा आवाज मी तुझ्या जन्मापासून ऐकतेय. माझं चुकलं ते. तुझं काय चुकलं ते तू तुझं बघशील, पण यात हा एक वाटा माझा आहे आणि तो मी तुझ्या अंगावर टाकणार नाही.

आणि अजून एक. काल मी तुझ्या बाबाशी बोलत होते तर तो सुरू झाला, अमक्याच्या मुलाला इतके पडले, खालच्या मजल्यावरची ती… मी त्याला म्हटलं फोन ठेव आधी आणि पाणी पी. त्याला मी झापलंय चांगलं, तू मात्र त्याच्यावर डूख धरू नकोस, घाबरलाय तो, घाबरला की त्याला तोंड आवरत नाही. लहानपणी सुद्धा… नको, ते राहू दे, मी पण तेच करायला लागले बघ.

ही सवय मला सहन होत नाही याला कारण आहे, तुला कधी सांगितलं नाही. आमच्या वेळेला अकरावीची मॅट्रिक होती. माई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, ती पहिल्या फटक्यात चांगली पास झाली. माझा इंग्रजी राहिला. निकाल बघून मी घरी आले तर ओसरीवर वडील बसलेले, ते मारणारे नव्हते की ओरडणारे नव्हते, फक्त म्हणाले, एकाच ताटात जेवलात ना दोघी. बास. एवढंच. त्यानंतर मी ऑक्टोबरला बसून पास झाले, तेव्हा त्याला ऑक्टोबरची वारी म्हणायचे, अर्धं गाव करून यायचं ती वारी. इंग्रजी सुटलं पण ते वाक्य नाही सुटलं. आणि त्याचा राग मी कुणावर काढला तर माईवर, जिने काहीच केलं नव्हतं, उलट ती मला रात्री स्पेलिंगं घालायची. मी तिच्याशी वर्षभर धड बोलले नाही. तिच्या लग्नात मी हौसेने काही केलं नाही, नुसती उभी होते. आता आम्ही रोज फोनवर अर्धा तास बोलतो, पण ते वर्ष गेलं ना आमचं. म्हणून माझ्या तोंडून तुला कधीही कुणाचं नाव ऐकू येणार नाही, ना शेजारच्याचं, ना तुझ्या आतेभावाचं, ना माझं स्वतःचं. मी ऑक्टोबरला सुटले म्हणून तूही सुटशील असलं पण मी म्हणणार नाही. तुझं तुझं आहे.

बरं, आता कामाचं. मागच्या आळीतले सर, रिटायर झालेत, आयुष्यभर अकरावी-बारावीला गणित शिकवलं त्यांनी, आबा आज सकाळीच त्यांच्याकडे जाऊन आले (तुझं नाव न घेता विचारलं म्हणे, पण सर काय खुळे आहेत का). ते म्हणाले एक विषय राहिला तर वर्ष वाया जायचं कारण नाही, आता ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागत नाही, पुरवणी परीक्षा पावसाळ्यातच होऊन जाते, फक्त फॉर्म भरायची तारीख कॉलेजात विचारून घ्यायची, ती चुकवायची नाही. आणि पेपर चांगला गेला होता असं मनापासून वाटत असेल तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी ऑनलाइन मागवता येते, ती हातात आल्यावर मगच पुनर्मूल्यांकनाला टाकता येतं, त्याला दिवस थोडेच असतात. मागव असं मी म्हणत नाहीये. पेपर कसा गेला होता ते तुलाच माहिती. मागवायची झाली तर पैसे मी देते, बाबाला विचारायची गरज नाही.

सर असंही म्हणाले की सकाळी सात ते साडेआठ ते मोकळे असतात आणि इंटिग्रेशन पहिल्या पानापासून सांगतील, आणि त्यांच्या ओट्यावर शंभर मुलं नाहीत, एक मांजर आहे.

पण हे सगळं नंतर. तू आधी नुसती ये. पुस्तकं आणू नकोस वाटलं तर. शनिवारी सकाळी स्वारगेटहून वाईची एसटी धर, खंबाटकी ओलांडलीस की मिस्ड कॉल दे, आबा स्टँडवर स्कूटर घेऊन उभे राहतील, आज हवा भरून आणली त्यांनी दोन्ही चाकात, म्हणजे तू येणार असं त्यांचं ठरलेलंच आहे. एकटीने यायला नको वाटत असेल तर ते पुण्याला येतील न्यायला, त्यांना काय, निमित्तच पाहिजे असतं.

इथे वाळवणाची गडबड चाललीये. गहू परवा भिजत घातलेत, रोज पाणी बदलतेय, उद्या वाटून पिळायचे, रात्रभर चीक खाली बसेल आणि शनिवारी पहाटे पाणी ओतून शिजवायचा. तू येईपर्यंत पहिल्या घाण्याच्या कुरडया गच्चीवर पडलेल्या असतील, पण दुसरा घाणा मी मुद्दाम मागे ठेवतेय. चीक हाटायला आता माझ्या हातात तेवढा जोर राहिला नाही, सुपारीएवढ्या गुठळ्या राहतात, गेल्या वर्षी आबांनी हाटला तर पातेल्यासकट चुलीवरून सरकले. तू हाट. आणि तू सहा वर्षांची असताना गरम चिकात तूप-साखर घालून खाल्लं होतंस आणि तोंड भाजलं तरी वाटी सोडली नव्हतीस, ती वाटी अजून आहे, कडेला चेमटलेली, तीच काढून ठेवलीये.

करवंदं पण आलीत, बायका पाचगणीच्या घाटातून पाट्या भरून आणतायत, पण ती मी तू आल्यावरच घेईन, दोन दिवसात मऊ पडतात.

इथे आलीस की कुणी तुला काही विचारणार नाही. झोपायचं असेल तर झोप, मधल्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतलाय, आता आवाज करत नाही. रडायचं असेल तर रड, त्याला पण खोली आहे. घाटावर जाऊन पाण्यात पाय सोडून बसायचं असेल तर मी येते सोबत, गुडघा दुखतो पण पायऱ्या हळूहळू उतरीन. आणि बोलायचं असेल तर बोल, या वेळेला मी चकली देणार नाही, ऐकून घेईन पूर्ण, इंटिग्रेशन म्हणजे काय ते मला कळणार नाही पण तू सांग.

आणि आज रात्री जेव. आईशी भांडण झालं असेल तरी जेव. तिने काल मला फोन केला होता, बोलली काहीच नाही, नुसती नाक ओढत होती, तिला पण समजून घे थोडं, जमेल तेव्हा.

उत्तर लिहायचं नसेल तर लिहू नकोस. तू हे उघडलंस की इथे त्या खुणा निळ्या होतात हे मला आता कळतं, त्या झाल्या की मी आबांना सांगेन, ते मघापासून दोनदा येऊन बघून गेलेत. आता परत आलेत, विचारतायत की तुला चिकात साखरच लागते की गूळ चालेल, साखर संपत आलीये.

तुझी आजी