नव्या घराच्या शुभेच्छा

सातारा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

येत्या अक्षय्य तृतीयेला बदलापूरच्या नव्या घराची वास्तुशांत करीत असल्याचे तुझे निमंत्रण मिळाले, आणि पत्रिकेत तुझ्या नावाखाली प्रथमच ‘द्वारा’ न लिहिलेला पत्ता वाचून मी ती पुन्हा एकदा वाचली. तुला, वहिनींना, आईंना आणि छोट्या ईराला या गृहप्रवेशाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.

गेल्या चौदा वर्षांत अकरा अकरा महिन्यांच्या करारांवर तू सात घरे बदललीस. त्यांपैकी चार वेळा सामान हलवायला मी होतो आणि दर वेळी आईंची ती हिरवी पत्र्याची ट्रंक कडी न उघडता एका घरातून दुसऱ्या घरात गेली, कारण ‘आपले घर झाले की पितळी भांडी बाहेर काढू’ असे त्या म्हणत असत. आता ती ट्रंक उघडण्याचा दिवस आला आहे. घासायला चिंच लागेल, तेवढी मात्र आधीच आणून ठेव.

घर पाहावे बांधून असे आपल्याकडे म्हणतात. तू ते बांधले नाहीस, तरी भोगवटा प्रमाणपत्र हाती आल्याखेरीज ताबा घ्यायचा नाही यावर अडून बसलास आणि त्यापायी भाडे व हप्ता दोन्ही भरत पाच महिने काढलेस, हे मला ठाऊक आहे. खरेदी वहिनींच्या नावाने केल्यामुळे मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळाली, हे तू मला तीनदा सांगितलेस. चौथ्यांदाही ऐकेन.

वहिनींनी तांदळाचे माप ओलांडताना आणि नव्या शेगडीवर पहिले दूध उतू जाताना मी तिथे असावे, अशी फार इच्छा होती; परंतु त्याच दिवशी भाचीचे लग्न असल्याने मला येता येत नाही, याची रुखरुख आहे. वास्तुपुरुष ‘तथास्तु’ म्हणत असतो असे आपण मानतो, म्हणून त्या दिवशी घरात कर्जाच्या वीस वर्षांचा हिशेब कोणी मोठ्याने मांडू नये, एवढी विनंती. या घरात आईंना आराम मिळो, ईराच्या शाळेचा दाखला आता मध्येच काढावा न लागो आणि तुम्हां सर्वांना उत्तम आरोग्य लाभो, हीच प्रार्थना.

या पत्रासोबत एक समई आणि कंदी पेढे पाठवीत आहे. पेढे लगेच संपवावेत. ज्येष्ठात दोन दिवस मुक्कामाला येईन. तेव्हा आईंच्या पितळी ताटात जेवायला वाढशील, असे गृहीत धरतो.

तुझा,
माधव