रथसप्तमीपर्यंतची मुदत

रविवार, १८ जानेवारी

अनिकेत, रात्री ८.४०
नमस्कार. काल फ्रँकफर्टच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात काळी इरकल नेसलेल्या ज्या बाईंनी माझ्या हातावर तिळाचा लाडू ठेवून "तिळगूळ घ्या, गोड बोला" असे म्हटले, आणि ज्यांना मी भांबावून "डांके" असे उत्तर दिले, त्या आपणच ना? नऊ वर्षे जर्मनीत काढल्याचा तो परिणाम नव्हता. समोर कोण उभे होते, त्याचा होता. कागदी बशीच्या मागे आपण जो नंबर लिहून दिलात, ती बशी मी घडीसुद्धा न घालता हॅम्बुर्गपर्यंत आणली आहे.

मुक्ता, रात्री ९.०५
नमस्कार. त्या बाई मीच, पण "बाई" हा शब्द मी शाळेतल्या गणिताच्या बाईंसाठी राखून ठेवला आहे, तेव्हा यापुढे मुक्ता म्हणावे. आज मौनी अमावस्या आहे आणि या दिवशी मौन पाळतात, हे रत्नागिरीत शिकवत नसावेत. दुसरे असे, की निघताना आपली पैज लागली होती: एकमेकांना लिहायचे ते पूर्ण वाक्यांत आणि नीट मराठीत, आणि विनाकारण इंग्रजी शब्द आल्यास दर शब्दामागे एक लाडू दंड. तुमच्या पहिल्याच निरोपात "नंबर" आहे. एक लाडू.

अनिकेत, रात्री ९.११
"नंबर" माझ्या आजीच्याही बोलण्यात होता आणि ती रत्नागिरी तालुक्याबाहेर फारशी गेली नव्हती, तरीही मी दंड कबूल करतो, कारण तो प्रत्यक्ष भेटूनच भरावा लागेल.

मुक्ता, रात्री ९.१४
मौन.

सोमवार, १९ जानेवारी

अनिकेत, संध्याकाळी ६.३०
अमावस्या संपली, म्हणून विचारतो: तो लाडू आपण स्वतः केला होता का? मी काल रात्री दातांनी, आज सकाळी सुरीने आणि मघाशी बत्त्याने प्रयत्न केला. बंदरावर ज्या पेट्यांची कागदपत्रे मी दिवसभर तपासतो, त्यांतल्या एखाद्या पेटीखाली याची पाचर चालली असती.

मुक्ता, संध्याकाळी ६.५२
लाडू मीच केले होते, गूळ कोल्हापूरचा होता, आईने सामानात पाठवलेला, आणि पाक किंचित पुढे गेला हे मला मान्य आहे. मात्र पाक पुढे का गेला, तर कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मंडळाच्या गटात कुणीतरी ढोलकी घेऊन काढलेला स्वतःचा फोटो टाकला होता, आणि तो मी गरजेपेक्षा थोडा अधिक वेळ पाहत राहिले. तेव्हा तुमच्या दातांचा दोष तुमच्याकडेच येतो.

अनिकेत, संध्याकाळी ६.५३
हा निरोप मी तीनदा वाचला. "फोटो" या शब्दाबद्दल एक लाडू झाला, पण तो मी माफ करतो.

मुक्ता, संध्याकाळी ६.५५
माफी नको, हिशेब ठेवा. कोल्हापूरची माणसे उधारी ठेवत नाहीत.

बुधवार, २१ जानेवारी

अनिकेत, रात्री १०.१०
एक पेच आहे. मंडळाच्या कार्यक्रमात सगळेच एकमेकांना "अहो-जाहो" करत होते, म्हणून आपणही तसेच सुरू केले. पण आता दर वेळी "आपण" लिहिताना मला बँकेला अर्ज करत असल्यासारखे वाटते. या देशात नियम सोपा आहे: "झी" सोडून "डू" म्हणण्याचा प्रस्ताव वयाने मोठ्या माणसाने मांडायचा असतो आणि लहानाने वाट पाहायची असते. माझा जन्म ऑगस्ट १९९३ चा आहे. आपला?

मुक्ता, रात्री १०.२२
मार्च १९९३. म्हणजे पाच महिन्यांनी मी वडीलधारी ठरते, आणि प्रस्ताव मांडण्याचा हक्क माझा. तो मी आज वापरणार नाही. म्युनिकमध्ये पहिल्या नोकरीत माझ्या साहेबांनी मला "डू" म्हणायला सात महिने लावले होते, आणि त्या सात महिन्यांत मी त्यांच्याबद्दल जितका विचार केला, तितका नंतर कधीच केला नाही.

अनिकेत, रात्री १०.२४
म्हणजे मी सात महिने थांबायचे?

मुक्ता, रात्री १०.३१
विचार करत राहायचे, असे मी म्हणाले. शिवाय माझीही एक अडचण समजून घ्या. एखाद्या पुरुषाला मी नाव न घेता "अहो" अशी हाक मारली, तर आमच्या घरी आई थेट पंचांग उघडते. काल तिच्याशी बोलताना तुमचा निरोप आला आणि माझ्या तोंडून "अहो, काय हे" इतकेच निघाले, तर पलीकडे पूर्ण शांतता पसरली आणि मग तिने तुमचे गाव विचारले.

अनिकेत, रात्री १०.३३
आणि आपण काय सांगितलेत?

मुक्ता, रात्री १०.३४
हॅम्बुर्ग. त्यावर तिने विचारले की ते सांगलीच्या अलीकडे येते की पलीकडे.

गुरुवार, २२ जानेवारी

मुक्ता, दुपारी १.१५
इथे आज दक्षिणेकडचा गरम वारा सुटला आहे, ज्याला हे लोक "फ्योन" म्हणतात. कचेरीच्या चौथ्या मजल्यावरून आल्प्स इतके जवळ दिसतात, की हात लांबवून बर्फ काढता येईल, आणि निम्म्या कचेरीचे डोके दुखते आहे. माझेही दुखते आहे, पण त्याचे खापर मी वाऱ्यावर फोडू की काल रात्री साडेबारापर्यंत चाललेल्या पत्रव्यवहारावर, हे ठरत नाही.

अनिकेत, दुपारी १.२०
वाऱ्यावर फोडावे, नाहीतर आज रात्री लवकर झोपावे लागेल. इथे पाऊसही नाही आणि ऊनही नाही, नुसते आभाळ एल्बे नदीवर ओले फडके टाकल्यासारखे पडले आहे. दुपारी कामासाठी जुन्या गोदामांच्या भागात गेलो होतो, जिथे कालव्यांच्या दोन्ही बाजूंना विटांच्या उंच इमारती आहेत आणि एकेकाळी कॉफी, चहा आणि मसाल्याचे पदार्थ साठवत. एका दारातून अजूनही वेलदोड्याचा वास येतो. मी तिथे उगाच पाच मिनिटे उभा राहिलो. शनिवारी आपण माझ्या शेजारून गेलात तेव्हा हाच वास आला होता, आणि तो मसाला दुधाचा होता असे मी इतके दिवस स्वतःला सांगत होतो.

मुक्ता, दुपारी १.४४
मसाला दुधाचाच होता. अर्धा पेला माझ्या पदरावर सांडला होता. पण पाच मिनिटे उभे राहिल्याबद्दल आभारी आहे.

शुक्रवार, २३ जानेवारी

अनिकेत, रात्री ९.००
दंडाचे लाडू आता माझे चार आणि आपले दोन झाले आहेत, म्हणून भेटीचे ठिकाण ठरवणे भाग आहे. मी वुर्त्सबुर्ग सुचवतो, पुढचा शनिवार, ३१ तारीख. तिथे माइन नदीवर संतांचे पुतळे असलेला जुना दगडी पूल आहे, आणि लोक पेल्यासाठी अनामत भरून हातात वाइन घेऊन त्या पुलावर तासन्‌तास उभे असतात. थंडी असली तरी असतात.

मुक्ता, रात्री ९.१८
नकाशा मलाही वाचता येतो. म्युनिकहून वुर्त्सबुर्ग दोन तासांवर आहे आणि हॅम्बुर्गहून साडेतीन. न्यायाने पाहायचे तर मध्य फुल्डाजवळ येतो, दोघांनाही साधारण तीन तास पडतात, आणि तिथे भव्य कॅथेड्रलही आहे.

अनिकेत, रात्री ९.२१
त्या कॅथेड्रलमध्ये संत बोनिफेसची समाधी आहे. पहिल्याच भेटीत समाधीचे दर्शन घ्यावे, इतके आपण दोघेही वयस्क झालेलो नाही, पाच महिने धरूनसुद्धा. आणि वुर्त्सबुर्गचे खरे कारण वेगळेच आहे. फ्रँकफर्टला आपण ज्या नदीच्या काठी भेटलो, तीच नदी वुर्त्सबुर्गहून वाहत येते. मला थोडे वरच्या अंगाला जाऊन पाहायचे आहे की ती तिथेही तशीच दिसते का.

मुक्ता, रात्री ९.४०
नदीबद्दल लिहून तुम्ही वाद जिंकलात, हे मला अजिबात आवडलेले नाही. तुमचा वाढीव दीड तास मी परत कसा करू?

अनिकेत, रात्री ९.४१
त्या दीड तासात मी आपल्याला काय म्हणायचे याचा सराव करीन. कन्फर्म समजू ना?

मुक्ता, रात्री ९.४२
पाच लाडू. होय, नक्की समजा.

रविवार, २५ जानेवारी

अनिकेत, सकाळी ७.३५
मी मासळी बाजारात आहे. हिवाळ्यात तो सातला उघडतो, आणि रत्नागिरीच्या माणसाला रविवारी अंथरुणातून काढण्याची ताकद इतर कशातही नाही. अजून काळोख आहे, विक्रेते गाडीवर चढून ओरडत आहेत, आणि मी धुरावलेला बांगडा हातात धरून विचार करतो आहे की कोल्हापूरच्या माणसांना मासे आवडतात का, हे मी अजून विचारलेलेच नाही. दुसरी गोष्ट थोडी गंभीर आहे. आज रथसप्तमी. तिळगूळ देण्याची मुदत आज संपते, आणि गोड बोलण्याचा परवानाही. उद्यापासून आपण माझ्याशी कोणत्या अधिकाराने बोलणार आहात?

मुक्ता, सकाळी ९.५०
मासे आवडतात, पण आमच्याकडे तांबड्या रश्श्याशिवाय पान पूर्ण होत नाही, तेव्हा तडजोड करावी लागेल. परवान्याचे नंतर पाहू, कारण आत्ता माझे स्वयंपाकघर धुराने भरले आहे. आई दर रथसप्तमीला अंगणात गोवऱ्या पेटवून मातीच्या बोळक्यात दूध तापवायची आणि ते पूर्वेकडे उतू जाऊ द्यायची. माझ्याकडे अंगण नाही, गोवऱ्या नाहीत आणि घरमालकाचे नियम चार पानी आहेत, म्हणून मी विजेच्या शेगडीवर छोटे पातेले ठेवले होते. जर्मनीत आल्यापासून दर वर्षी मी दूध वर यायला लागले की शेगडी बंद करते. आज केली नाही.

अनिकेत, सकाळी ९.५२
का?

मुक्ता, सकाळी ९.५३
उभी राहून आपले निरोप पहिल्यापासून वाचत होते.

अनिकेत, सकाळी ९.५४
मग दूध कोणत्या दिशेला गेले?

मुक्ता, सकाळी १०.०१
शेगडीवर, फरशीवर आणि माझ्या मोज्यांवर. दिशा उत्तर होती, म्हणजे साधारण हॅम्बुर्गची. शेजारच्या आजीबाई धुराचा वास आला म्हणून दार वाजवून गेल्या. आता मी एक शब्द लिहिते, त्यातले पहिले अक्षर सोडून वाच.

मुक्ता, सकाळी १०.०२
उतू.

अनिकेत, सकाळी १०.०३
वाचले.

अनिकेत, सकाळी १०.०९
बांगडा हातातून पडला आणि एका समुद्रपक्ष्याने तो नेला. मुक्ता, तुझ्या गाडीची वेळ कळव. मी आधी पोचेन, आणि लाडू आणायचे असतील तर पाक तसाच पुढे जाऊ दे.