चवथीच्या चित्रांचा निकाल: परीक्षकांचे मनोगत

व्यासपीठावरील मान्यवर, शिक्षकवर्ग, पालक आणि सकाळपासून रंग सांडत बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

निकालाची घाई सगळ्यांनाच आहे. पण निकाल कसा लागला हे आधी सांगतो, कारण ६४ जणांनी दोन तास मान मोडून काम केलंय आणि त्यांना ते कळायलाच हवं.

आम्हा दोघा परीक्षकांसमोर फक्त क्रमांक होते. नावं आणि शाळा कागदाच्या मागे, चिकटपट्टीखाली. दोघांनी वेगवेगळे गुण दिले, मग सरासरी काढली. एकूण ५० गुण: निरीक्षणाला २०, मांडणीला १५, रंगांना १०, स्वच्छतेला ५. दोन चित्रांना सारखे गुण पडले तर निरीक्षणात जो पुढे तो वर, हेही रंगाच्या डब्या उघडायच्या आधीच ठरवलं होतं.

निरीक्षणाला सर्वांत जास्त गुण का? विषय होता ‘आमच्या घरची चवथ’. यात ‘आमच्या’ हा शब्द महत्त्वाचा. बऱ्याच चित्रांत मधोमध गणपती, दोन बाजूंना दोन समया, खाली मोदकांचं ताट, वर झालर. हात सफाईदार, पण हे घर पेडण्यातलं की सांग्यातलं, ते कळत नाही. पाठ केलेलं चित्र आम्ही बाद केलं नाही. त्याला रंगांचे, स्वच्छतेचे गुण पूर्ण मिळाले. निरीक्षणाचे मात्र आम्ही देऊ शकलो नाही.

याउलट क्रमांक १७ बघा. आरतीची गर्दी आहे. कोणी टाळ वाजवतंय, एक आजोबा खांबाला टेकून डोळे मिटून उभे, एका लहानग्याचं सगळं लक्ष नेवऱ्यांच्या डब्याकडे. लोटलीच्या मारिओ मिरांडांची चित्रं तुम्ही पाहिली असतील. त्यांच्या गर्दीत प्रत्येक माणूस वेगळा असतो. १७ क्रमांकाने ते स्वतःच्या घरात शोधलं. माणसं कागदाच्या डाव्या बाजूला दाटली आणि उजवीकडे जागा रिकामी पडली, म्हणून मांडणीत गुण गेले. तिसरं पारितोषिक क्रमांक १७.

उत्तेजनार्थ दोन: क्रमांक ८ आणि क्रमांक ५३. क्रमांक ८ मध्ये फुगड्या घालणाऱ्या बायकांच्या साड्यांचा घोळ फार छान आलाय. क्रमांक ५३ ने पावसात डोक्यावर मूर्ती घेऊन येणारे काका काढले. तो ओला, करडा उजेड या वयात मिळवणं कठीण. पाठीमागची घरं अर्धवट राहिली. पाच मिनिटं कमी पडली असावीत.

आता पहिलं आणि दुसरं. इथे आम्ही बराच वेळ अडकलो. दोन्ही चित्रांना ४२ गुण.

क्रमांक २९ मध्ये विसर्जनाची संध्याकाळ आहे. तळीच्या पायऱ्या, पाण्यात हलणारे दिवे, कागदाच्या पांढऱ्या रंगाचा वापर, सगळं अप्रतिम. माझे सहपरीक्षक याच्याच बाजूने होते आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं: रंगांत या चित्राला ६४ पैकी कुणीही हरवत नाही, १० पैकी १० मिळाले.

क्रमांक ४१ मध्ये गणपती जवळजवळ दिसतच नाही. हे मूल माटोळीच्या खाली आडवं पडून वर बघतंय. नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, कवंडळं खालून जशी दिसतात तशीच, देठ वर आणि बूड आपल्याकडे. फळांमध्ये लाकडी चौकट दिसते आणि प्रत्येक फळ केवणीच्या दोरीने बांधलंय. दोरीची गाठ काढलीय! एक कवंडळ जड म्हणून त्याची दोरी ताणलेली, शेजारच्या आंबाड्यांची सैल. इतकं बघायला घरातल्या माणसांबरोबर माटोळी बांधायला उभं राहावं लागतं. एका कोपऱ्यात रंग ओघळलाय, तिथे स्वच्छतेचे दोन गुण आम्ही कापले आणि ते कापायलाच हवे होते. निरीक्षणात मात्र २९ ला १६ आणि ४१ ला १८. ठरलेल्या नियमाने निकाल लागला, आणि सहपरीक्षकांनीही त्यावर आनंदाने सही केली.

दुसरं पारितोषिक क्रमांक २९. पहिलं पारितोषिक क्रमांक ४१.

सगळी चित्रं रविवारपर्यंत या सभागृहात लावलेली असतील, प्रत्येकाखाली चारही निकषांचे गुण लिहिलेले. मडगावात जन्मलेल्या दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांच्या काही प्रतीही दाराजवळ मांडल्यात, त्या जरूर बघा. गुणांबद्दल विचारायचं असेल तर मी अजून अर्धा तास इथेच आहे. पालकांनी नाही, मुलांनी यावं.

टीचर, आता चिकटपट्टी काढून नावं वाचा. आधी उत्तेजनार्थ, मग तिसऱ्यापासून वर.