मधुमेह ओपीडी : फेरतपासणीची सोप नोंद

१४ ऑक्टोबर २०२५, सकाळी ११:२०. पुरुष, वय ५४. व्यवसाय मालवाहू ट्रकचालक. टाइप २ मधुमेह ९ वर्षे, उच्च रक्तदाब ५ वर्षे. मागची भेट ३ महिन्यांपूर्वी. सोबत पत्नी.

एस : रुग्णाचं सांगणं

मुख्य तक्रार, "रात्री अंथरुणावर पडलं की तळपायांची नुसती आग होते." दोन महिन्यांपासून. दोन्ही पायांना, बोटांपासून सुरू होऊन आता घोट्याच्या खालपर्यंत. सोबत मुंग्या. चालताना त्रास नाही, पोटरीत गोळे येत नाहीत. आठवड्यातून तीन-चार रात्री झोपमोड. दुखण्याची तीव्रता १० पैकी ५ सांगतात. आग कमी व्हावी म्हणून गरम पाण्यात पाय बुडवून बसतात. हे पत्नीने सांगितलं, त्यांनी स्वतःहून नाही.

नेहमीप्रमाणे "चक्कर येते का" विचारल्यावर नाही म्हणाले. "जेवायला उशीर झाला तर काय होतं" असं विचारल्यावर मात्र दोन प्रसंग बाहेर आले. गेल्या महिनाभरात दोनदा, दुपारी बाराच्या सुमारास, घाम, हातांना थरथर, छातीत धडधड. दोन्ही वेळा सकाळी गोळी घेतली होती आणि जेवण लांबलं होतं. एकदा ग्लुकोमीटरवर ५८ आली. दुसऱ्या वेळी गाडी चालवत होते, कडेला घेऊन साखर खाल्ली, १५-२० मिनिटांत बरं वाटलं. बेशुद्धी नाही, दुसऱ्याची मदत लागली नाही. तेव्हापासून लांबची फेरी असेल त्या दिवशी ग्लिमेपिराइड घेतच नाहीत, म्हणजे जवळपास निम्मे दिवस. रात्रीची मेटफॉर्मिनही आठवड्यातून तीन-चारदा चुकते, कारण जेवण रस्त्यात होतं आणि गोळ्या घरी राहतात. हे सांगताना संकोचले होते. रागावलो नाही, सांगितलं हे बरं झालं असंच म्हटलं.

लघवीला रात्री एकदा उठतात. जळजळ नाही, ताप नाही. छातीत दुखणं, दम लागणं, पायांवर सूज नाही. दृष्टीत फरक जाणवत नाही. मागच्या पडद्याची तपासणी ३ वर्षांपूर्वी. तंबाखू, धूम्रपान, दारू नाही. मन उदास नाही.

चालू औषधे : मेटफॉर्मिन १००० मिग्रॅ दोनदा, ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ सकाळी, टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १० मिग्रॅ. शेवटची दोन नियमित घेतात. औषधांची अ‍ॅलर्जी नाही.

ओ : तपासणी

वजन ८४ किलो (३ महिन्यांत १ किलोने वाढ), उंची १६९ सेंमी, बीएमआय २९.४. नाडी ८२, नियमित. बीपी बसून १४२/८६, ५ मिनिटांनी पुन्हा १४०/८६, उभं राहून ३ मिनिटांनी १३६/८४. उभं राहिल्यावर लक्षणीय घट नाही. हृदय, फुफ्फुसे, पोट : विशेष काही नाही.

पाय, मोजे काढून : जखम नाही, बोटांच्या बेचक्यांत बुरशी नाही. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी तळव्यावर जाड घट्टा, खाली रक्त साकळलेलं दिसत नाही. दोन्ही पावलांच्या नाड्या चांगल्या लागतात. १० ग्रॅम मोनोफिलामेंट दोन्ही अंगठ्यांवर आणि पुढच्या तळव्यावर कळत नाही. १२८ हर्ट्झ ट्यूनिंग फोर्कचं कंपन अंगठ्यावर कमी. घोट्याचे प्रतिक्षेप दोन्हीकडे मंद. पावलाच्या आकारात व्यंग नाही. बूट पुढून अरुंद.

रक्त-लघवी, या आठवड्यातील : एचबीए१सी ८.९ टक्के (३ महिन्यांपूर्वी ८.१). उपाशीपोटी १७१, जेवणानंतर २ तासांनी २४८. घरच्या वहीत उपाशीपोटी १५० ते १८०, जेवणानंतर २२० ते २६०, ८.९ शी जुळतं. क्रिएटिनिन १.२, ईजीएफआर ६८, पोटॅशियम ४.४. लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ८६ मिग्रॅ/ग्रॅम, ६ महिन्यांपूर्वी ५२. एलडीएल ११२. एएलटी ३१. हिमोग्लोबिन १३.४. ईसीजी सामान्य.

ए : निष्कर्ष

१. टाइप २ मधुमेह, नियंत्रण बिघडलेलं आणि त्याच काळात हायपोग्लायसेमिया. नुसता ८.९ चा आकडा पाहिला तर ग्लिमेपिराइड वाढवावीशी वाटेल. तसं करणं धोक्याचं. साखर वाढली ती गोळ्या चुकल्यामुळे, आणि गोळ्या चुकल्या त्या मुख्यतः साखर उतरण्याच्या भीतीमुळे. रुग्ण अवजड वाहन चालवतो, जेवणाची वेळ त्याच्या हातात नाही. या माणसाला सल्फोनिलयुरिया नको.

२. मधुमेही मूत्रपिंडविकार. अल्ब्युमिन दोन्ही वेळा ३० च्या वर, ताप वा लघवीचा संसर्ग नसताना. जी२ ए२. एसजीएलटी२ गटातील औषध इथे केवळ साखरेसाठी नव्हे, मूत्रपिंडासाठीही हवं.

३. दोन्ही पायांची वेदनायुक्त न्यूरोपॅथी, संरक्षक संवेदना गेलेली. रक्तपुरवठा चांगला. ९ वर्षे मेटफॉर्मिन चालू असल्याने बी१२ ची कमतरता भर घालत असू शकते, आधी कधी तपासलेलं नाही. संवेदना नसलेल्या पायाला गरम पाणी, ही आजची सर्वांत तातडीची काळजी.

४. बीपी लक्ष्याच्या (१३०/८०) वर. एलडीएल जोखमीच्या मानाने जास्त.

पी : योजना

ग्लिमेपिराइड आजपासून बंद. कारण केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं आहे. पुढच्या भेटीत दुसरे डॉक्टर असतील तर साखर जास्त दिसली म्हणून पुन्हा सुरू करू नये.

एम्पाग्लिफ्लोझिन १० मिग्रॅ सकाळी, सुरू. मेटफॉर्मिन दीर्घप्रभावी १००० मिग्रॅच्या दोन गोळ्या सकाळच्या जेवणासोबत एकदाच. ते जेवण घरी होतं, चुकत नाही. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० मिग्रॅ. टेल्मिसार्टन आज वाढवत नाही : नव्या औषधानेही बीपी थोडं उतरेल, दोन्ही बदल एकदम नकोत. २ आठवड्यांनी बीपी, क्रिएटिनिन, पोटॅशियम पाहून ८० चा निर्णय.

वेदनेसाठी ड्युलोक्सेटिन ३० मिग्रॅ जेवणानंतर. प्रीगॅबालिन गुंगीच्या शक्यतेमुळे टाळलं. गुंगी ड्युलोक्सेटिननेही येऊ शकते, म्हणून पहिली गोळी सुटीच्या आदल्या रात्री, आणि झोपाळू वाटलं तर गाडी नाही. बीपीवर लक्ष. बी१२ आजच पाठवलं.

दोघांना समजावलं आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घेतलं : पाय गरम पाण्यात घालायचे नाहीत. रोज रात्री तळवे पाहायचे, पत्नी पाहतील. घट्टा स्वतः कापायचा नाही, पादचिकित्सेकडे चिठ्ठी दिली. रुंद पंजाचे बूट. गाडी सुरू करण्याआधी साखर तपासायची. ७० च्या खाली असेल तर चालवायचं नाही, १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, आणि नीट झाल्यावरही पाऊण तास थांबायचं. जुन्या गोळीचा परिणाम उतरेपर्यंत पहिले दोन दिवस जास्त जपायचं.

एम्पाग्लिफ्लोझिनबद्दल : जननेंद्रियाजवळ खाज आली तर लाजू नये, लगेच यावं. उलट्या, जुलाब, खाणं बंद अशा वेळी ही गोळी थांबवायची, शस्त्रक्रियेच्या ३ दिवस आधीही. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर साखर ठीक दिसली तरी तातडीने रुग्णालयात. कीटोन तपासावे लागतील.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, नेत्रविभागाला चिठ्ठी, याच महिन्यात. आहारतज्ज्ञांची भेट पुढच्या वेळी, आज रांग मोठी आणि त्यांना फेरी गाठायची आहे.

२ आठवड्यांनी फेरभेट. १२ आठवड्यांनी एचबीए१सी, लिपिड, अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. लक्ष्य ७ च्या खाली, पण हायपो न होता. गोळ्या नियमित घेऊनही ७.५ च्या वर राहिल्यास जीएलपी-१ गटातील औषधाचा विचार, पडद्याचा अहवाल हाती आल्यावरच.

नोंद पूर्ण ११:४५. वैद्यकीय अधिकारी, मधुमेह ओपीडी.